किल्ली शेजारी, पोस्टमन दारात

आजच्या भागाची सुरुवात एका ओळखीच्या फोनने. तुम्ही ट्रेनमध्ये आहात, डिलिव्हरीवाला विचारतो, "दादा, घर बंद आहे, बाजूला देऊ का?" तुम्ही म्हणता, "हो, समोरच्या काकूंकडे द्या." विषय संपला. काकूंना आधी विचारलेलंही नसतं बऱ्याचदा!

आता हाच प्रसंग चाळीस-पन्नास वर्षं मागे नेऊ, मुंबईच्या गिरणगावात. तिथे "मावशी, जरा घराकडे लक्ष ठेवा" या वाक्याचं वजन फार वेगळं होतं. कारण काही महिने कुलूप राहिलं, तर खोलीच हातची जाण्याची भीती होती. आणि ती भीती चोरांची नव्हती.

गोष्ट सुरू होते १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यापासून. या कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला संरक्षण दिलं. घरमालकाला मनात आलं म्हणून खोली रिकामी करून घेता येईना, त्यासाठी कायद्यात लिहिलेलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागे. त्या कारणांच्या यादीत, कलम १३ मध्ये, एक कारण असं होतं: दावा लावण्याच्या लगेच आधीचे सलग सहा महिने जागा योग्य कारणाशिवाय वापरात नसेल, तर घरमालक ताबा मागू शकतो.

सहा महिने. आता १९८२ आठवा. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, पगार बंद, आणि संप वर्षाच्या पुढे लांबला. कितीतरी कुटुंबं कोकणात, साताऱ्याकडे गावी निघून गेली. मे महिन्याची सुट्टी असती तर दीड महिन्यात परतले असते. पण इथे परत कधी यायचं हेच कुणाला माहीत नव्हतं.

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. कुटुंब माझ्या कल्पनेतलं, नियम मात्र खरे. लालबागची दहा बाय बाराची खोली, गाव कणकवलीजवळ. निघताना वहिनी शेजारच्या मावशींना किल्ली देते आणि म्हणते, "मावशी, आठवड्यातून एकदा दार उघडा. मेहताजी आला की भाडं द्या, पावती आमच्या नावाची घ्या. आणि पोस्टमनला सांगा, माणसं गावाला गेलीत, येणार आहेत."

या तीन वाक्यांत अख्खी कायदेशीर तटबंदी आहे बघा.

आधी भाडं. सहा महिने किंवा त्याहून जास्त भाडं थकलं, घरमालकाने लेखी नोटीस दिली आणि त्यानंतरही महिनाभर भरलं नाही, तर १९४७ च्या कायद्याखाली भाडेकरूची बाजू फारच लंगडी व्हायची. म्हणून वहिनी मावशींकडे चार महिन्यांच्या भाड्याचे पैसे ठेवून जाते. पावतीवर नाव मात्र भाडेकरूचंच हवं. मावशींच्या नावाने पावती फाटली, तर उद्या कुणी म्हणायला मोकळं की खोली यांनी दुसऱ्याला दिली. पोटभाडेकरू ठेवणं हेसुद्धा ताबा मागण्याचं कारण होतंच. त्यामुळे "लक्ष ठेवा" म्हणजे "तुमच्या भाच्याला झोपायला द्या" असं अजिबात नव्हतं. चाळीतल्या जाणत्या बायकांना हा फरक कलम न वाचता कळायचा.

मग दार उघडणं. दिवा लावला, झाडून घेतलं, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जागा "वापरात" आली का? तेवढ्याने नाही. पण घरात भांडीकुंडी, गाद्या, देव जागेवर आहेत, माणसं एका कारणाने गेलीत आणि परतणार आहेत, हे पाहणारा साक्षीदार तयार व्हायचा. अशा खटल्यांत विजेची बिलं, रेशनकार्ड आणि शेजाऱ्यांच्या साक्षी निघायच्या. म्हणजे मावशी ही नुसती किल्ली सांभाळणारी नाही, ती संभाव्य साक्षीदार! आणि घरमालकाशी तिचं साटंलोटं असेल, तर सगळं उलटं. किल्ली कुणाकडे द्यायची, यावर घरात रात्रभर चर्चा का व्हायची, ते आता कळलं ना?

आणि आता आपला मुख्य मुद्दा, टपाल.

तेव्हा पार्सल म्हटलं की बऱ्याचदा व्हीपीपी. ही सोय भारतात १८७७ मध्ये सुरू झाली. कॅश ऑन डिलिव्हरीची आजीच म्हणा. पोस्टमनला पैसे द्या, मगच पाकीट हातात. पुस्तकं, औषधं, दिवाळी अंक असे मागवले जायचे. पैसे देण्याआधी फोडून बघता येत नसे. त्यामुळे शेजाऱ्याला "पार्सल घ्या" म्हणणं म्हणजे "आत काय आहे ते न बघता तुमच्या खिशातले पैसे घाला" म्हणणं. शहाणी माणसं रक्कम आधी देऊन ठेवत आणि कुणाकडून येणार तेही सांगत. न सांगता आलेली व्हीपीपी मावशींनी परत पाठवायची. त्यात काही बिघडत नाही, ती पाठवणाऱ्याकडे परत जाते.

रजिस्टर पाकिटाचं तसं नव्हतं. ते ज्याच्या नावाचं, त्याला किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसालाच द्यायचं, असा टपालाचा नियम होता. कुणी नसेल तर सात दिवस पोस्टात थांबायचं आणि मग "दार बंद" असा शेरा मारून परत.

बरं, परत गेलं म्हणजे सुटलो? नाही! इथेच भले भले फसतात. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम २७ नुसार, बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून रजिस्टर केलेलं पत्र पोचलं असं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये धनादेशाच्या एका खटल्यात हेच सांगितलं: "घर बंद" असा शेरा असला तरी नोटीस मिळाली असं गृहीत धरायचं. म्हणजे वहिनी कणकवलीला भात लावतेय आणि इकडे कागदोपत्री नोटीस तिला मिळालेली आहे.

मग काय करायचं? दोन रस्ते होते. पोस्टात अर्ज देऊन टपाल गावच्या पत्त्यावर वळवायचं, किंवा मावशींच्या नावाने अधिकारपत्र लिहून पोस्टात द्यायचं. दुसरं केलं असेल तर मावशी सही करते, पाकीट उघडून शेजारच्या शिकलेल्या पोराकडून वाचून घेते आणि गावी तार ठोकते: "नोटीस आली, लगेच या." हाताशी एक महिना आहे. एसटीने दोन दिवसांत दादा मुंबईत, वकिलाकडे, थकलेलं भाडं भरून मोकळा.

अधिकारपत्र नसेल तर? मग मावशीने निदान पोस्टमनला विचारायचं, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव काय. वकिलाचं नाव निघालं, तर त्याच दिवशी तार. सात दिवसांच्या आत दादा पोचला, तर पोस्टात जाऊन पाकीट स्वतः घेऊ शकतो. नाव न विचारता "ते इथे राहत नाहीत हो" असं बोलून गेली मावशी, तर मात्र घात. पोस्टमन तसाच शेरा मारणार, आणि "राहत नाहीत" हा कागद घरमालकाला आयताच मिळणार.

"गावाला गेलेत" आणि "राहत नाहीत". पोस्टमनच्या डोक्यात फरक एका शब्दाचा, कोर्टात फरक खोलीचा.

तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. १९४७ चा कायदा जाऊन १९९९ चा आला, तो २००० च्या ३१ मार्चपासून लागू झाला. सहा महिन्यांची ती अट मात्र नव्या कायद्यातही आहे, कलम १६ मध्ये. गिरगाव, लालबाग, दादरला आजी-आजोबांची पागडीची खोली असेल आणि सगळे पुण्याला किंवा परदेशात असतील, तर एकदा विचारून बघा: तिथलं टपाल सध्या कोण घेतंय, आणि ते पोस्टमनला नक्की काय सांगतात?