तारापूरचे जड पाणी आणि १९२७ सालचा एक शोधनिबंध

१/ उधवा, तलासरी, डहाणू या पट्ट्याच्या दक्षिणेस, पालघर जिल्ह्याच्याच किनाऱ्यावर तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. १९६९ साली सुरू झालेल्या तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या साध्या पाण्यावर चालणाऱ्या. २००५ आणि २००६ साली कार्यान्वित झालेल्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीत मात्र जड पाणी वापरले जाते. या दोन पाण्यांतील फरकामागे रेणूंच्या सिद्धांताचा एक मोठा इतिहास आहे. हा धागा त्याविषयी.

२/ साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात केवळ एक प्रोटॉन असतो. ड्यूटेरियमच्या केंद्रकात प्रोटॉनसोबत एक न्यूट्रॉनही असतो, म्हणून त्याचे वस्तुमान जवळजवळ दुप्पट. साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेले पाणी म्हणजे जड पाणी. ते न्यूट्रॉनांचा वेग कमी करते, पण साध्या पाण्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी न्यूट्रॉन गिळते. त्यामुळे अशा भट्टीत नैसर्गिक युरेनियम इंधन म्हणून चालते, ते समृद्ध करावे लागत नाही.

३/ अडचण वेगळीच आहे. निसर्गातील पाण्यात हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंमागे ड्यूटेरियमचा एक अणू सापडतो आणि रासायनिक वर्तनात ही दोन भावंडे जवळजवळ सारखीच. दुप्पट वजनाचा अणू आणि तरी रसायन तेच, असे का? आणि ते अगदी तंतोतंत तेच का नाही? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘बोर्न-ओपेनहायमर सन्निकटन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विचारात आहे.

४/ प्रथम मूळ कोडे पाहू. सर्वांत साधा रेणू हायड्रोजनचा: दोन केंद्रके, दोन इलेक्ट्रॉन. चौघेही एकमेकांना ओढतात वा ढकलतात आणि चौघेही सतत हलतात. पुंजयांत्रिकीचे समीकरण या चौघांसाठी एकत्रच मांडावे लागते आणि त्याची नेमकी उकल कागदावर होत नाही. पाण्याच्या रेणूत तर तीन केंद्रके आणि दहा इलेक्ट्रॉन. समीकरण लिहिता येते, सोडवता येत नाही, अशी ही अवस्था.

५/ सुटकेची वाट वस्तुमानात होती. प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १,८३६ पट जड आहे. दोघांवर लागणारे विद्युत्बल सारख्याच प्रमाणाचे, पण त्या बलाने हलका इलेक्ट्रॉन झपाट्याने हलतो आणि केंद्रक संथपणे. हायड्रोजन रेणूच्या केंद्रकांचे एक कंपन पूर्ण होण्यास सुमारे ८ फेम्टोसेकंद लागतात. बोरच्या प्रतिमानातील इलेक्ट्रॉनची अणूभोवतीची एक फेरी सुमारे ०.१५ फेम्टोसेकंदांत संपते. म्हणजे एका कंपनाच्या अवधीत अशा पन्नासएक फेऱ्या.

६/ मॅक्स बोर्न आणि वेर्नर हायझेनबर्ग यांनी १९२४ सालीच, जुन्या पुंजवादाच्या चौकटीत, या वस्तुमानभेदाचा आधार घेऊन रेणूच्या गती वेगळ्या करून पाहिल्या होत्या. वर्षभरात ती चौकटच मोडली आणि नवी पुंजयांत्रिकी आली. आता तोच प्रश्न नव्या पायावर मांडणे भाग होते. १९२६ साली रॉबर्ट ओपेनहायमर हा अमेरिकन तरुण जर्मनीतील गॉटिंगेन येथे बोर्न यांच्याकडे संशोधनासाठी आला आणि हा प्रश्न दोघांच्या हाती पडला.

७/ ओपेनहायमर यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार त्यांनी आधी एक अगदी छोटा मसुदा लिहिला. मुख्य कल्पना इतकी उघड वाटत होती की अधिक काही लिहिण्याची गरजच त्यांना दिसेना. बोर्न यांना मात्र तो संक्षेप मुळीच रुचला नाही. त्यांनी सर्व गणित पायरीपायरीने मांडायला घेतले आणि १९२७ साली ‘अनालेन देर फिजिक’ या नियतकालिकात तो निबंध अठ्ठावीस पाने व्यापून प्रसिद्ध झाला.

८/ ती पाने वाया गेली नव्हती. ‘इलेक्ट्रॉन वेगवान, केंद्रक संथ’ हे कोणीही म्हणू शकत होते. चूक नेमकी किती होते, हा खरा प्रश्न. दोघांनी इलेक्ट्रॉनचे वस्तुमान भागिले केंद्रकाचे वस्तुमान या गुणोत्तराचे चौथे मूळ घेतले आणि त्याच्या घातांत रेणूची ऊर्जा उलगडली. प्रोटॉनसाठी ही संख्या सुमारे ०.१५ येते. बंधाच्या लांबीच्या तुलनेत केंद्रके साधारण किती थरथरतात, याचे ते माप आहे.

९/ उलगडा केल्यावर पायऱ्या आपोआप वेगळ्या झाल्या. पहिल्या पायरीवर इलेक्ट्रॉनांची ऊर्जा. त्या लहान संख्येच्या दुसऱ्या घातात केंद्रकांचे कंपन, चौथ्या घातात संपूर्ण रेणूचे फिरणे. हायड्रोजन रेणूत इलेक्ट्रॉन वरच्या अवस्थेत नेण्यास सुमारे ११ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, कंपनाची एक पायरी सुमारे अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टची, तर फिरण्याची पायरी सुमारे ०.०१५ ची. रेणूंच्या वर्णपटात दूरदूरचे पट्टे, त्यांत कंपनाच्या ओळी आणि त्यांत बारीक रेषा दिसतात, त्या याच तीन पायऱ्यांमुळे.

१०/ प्रत्यक्ष गणनेत हे असे उतरते. केंद्रके एका ठरावीक अंतरावर खिळवून ठेवली आहेत असे मानायचे आणि केवळ इलेक्ट्रॉनांचे समीकरण सोडवायचे. मिळालेल्या ऊर्जेत केंद्रकांचे परस्पर प्रतिसारण मिळवायचे. मग अंतर थोडे बदलून पुन्हा तेच. अशा बिंदूंनी एक वक्र तयार होतो. त्यातील खळगा म्हणजे रासायनिक बंध. शेवटी केंद्रकांना त्या खळग्यात हलू द्यायचे. एक अशक्य प्रश्न अशा रीतीने दोन शक्य प्रश्नांत विभागला जातो.

११/ येथे इतिहासाच्या वाचकाने एक भेद ध्यानात ठेवावा. पाठ्यपुस्तकांत हे सन्निकटन आज ज्या रूपात शिकवले जाते, ते १९२७ च्या निबंधातील रूप नव्हे. ते बोर्न यांनी १९५१ साली नव्याने मांडले आणि हुआंग कुन यांच्यासह लिहिलेल्या १९५४ च्या स्फटिकविषयक ग्रंथात प्रस्थापित केले. नाव जुन्या निबंधाचे राहिले, पद्धत नंतरची आहे.

१२/ आता ड्यूटेरियमकडे वळू. खळग्याचा आकार ठरवताना केंद्रकांचे वस्तुमान गणितात येतच नाही, केवळ त्यांचा विद्युत्भार येतो. हायड्रोजन आणि ड्यूटेरियम यांचा भार एकच, म्हणून खळगाही एकच. रसायन सारखे असण्याचे कारण हेच. फरक पडतो तो खळग्यात हलणाऱ्या केंद्रकांत. पुंजयांत्रिकीनुसार ती तळाशी कधीच स्थिर बसत नाहीत. किमान थरथर उरतेच. तिला शून्य-बिंदू ऊर्जा म्हणतात. जड केंद्रकाची ही ऊर्जा कमी, म्हणून ते तळाच्या अधिक जवळ राहते.

१३/ वर्णपटशास्त्रज्ञ १९२७ पूर्वीच ही गोष्ट गृहीत धरून चालले होते. रॉबर्ट मुलिकन यांनी १९२४ साली बोरॉन मोनॉक्साइडच्या वर्णपटात बोरॉनच्या दोन समस्थानिकांच्या रेषा ताडून पाहिल्या. खळगा एकच मानला आणि तळाशी अर्ध्या पायरीची ऊर्जा उरते असे धरले, तरच आकडे जुळत होते. वापर आधी आला, समर्थन मागाहून.

१४/ हिशेब करून पाहू. वर्णपटशास्त्रात ऊर्जा ‘प्रति सेंटिमीटर’ या एककात मोजतात. हायड्रोजन रेणू तोडण्यास ३६,११८ एकके लागतात, ड्यूटेरियमचा रेणू तोडण्यास ३६,७४८. फरक ६३० चा. शून्य-बिंदू ऊर्जा अनुक्रमे सुमारे २,१७९ आणि १,५४६. त्या मिळवल्या की तळापासून मोजलेली खोली ३८,२९७ आणि ३८,२९४ येते. एकच खळगा आहे हे येथे आकड्यांतच दिसते.

१५/ रायगड जिल्ह्यातील थळ येथे १९८७ साली कार्यान्वित झालेला जड पाण्याचा कारखाना याच फरकावर उभा आहे. शेजारच्या खत कारखान्याच्या वायूतील हायड्रोजन आणि अमोनिया यांचा उत्प्रेरकाच्या साह्याने संपर्क घडवतात. हायड्रोजन रेणूत अणूला कंपनाची दिशा एकच. अमोनियात तो अनेक दिशांनी जखडलेला असतो. म्हणून ड्यूटेरियम अमोनियात गेल्याने शून्य-बिंदू ऊर्जेची बचत अधिक होते आणि तो तिकडे जमा होतो. एका टप्प्यात लाभ काही पटींचाच, म्हणून ही देवाणघेवाण पुन्हापुन्हा घडवावी लागते.

१६/ हिशेबात उरलेल्या त्या ३ एककांचे काय? ती सन्निकटनाची त्रुटी होय: केंद्रके हलतात म्हणून इलेक्ट्रॉनांची ऊर्जाही किंचित बदलते आणि हलक्या केंद्रकांसाठी हा बदल मोठा असतो. इतक्या बारीक आकड्यावरून पुढे एक प्रसिद्ध पेच उभा राहिला. गेरहार्ड हर्झबर्ग यांच्या प्रयोगशाळेने १९६० साली हायड्रोजनची विघटन ऊर्जा ३६,११३.६ मोजली. पोलंडचे कोवोस आणि वोल्निएविच यांनी या दुरुस्त्या धरून १९६८ साली गणनेने ३६,११७.४ काढली.

१७/ त्यांच्या पद्धतीत बंध प्रत्यक्षापेक्षा कमी बळकट दिसण्याचा संभव होता, अधिक बळकट दिसण्याचा नव्हे. म्हणजे गणित वा प्रयोग, एक कोणीतरी चुकले होते. हर्झबर्ग यांनी मोजणी नव्याने केली आणि १९७० साली आलेले उत्तर गणनेशी जुळले. प्रयोग चुकला होता. रेणूच्या बाबतीत गणनेने प्रयोगाला दुरुस्त करावे, हे त्या काळी नवे होते.

१८/ तरीही ही विभागणी सर्वत्र टिकत नाही. तिचा आधार केवळ इलेक्ट्रॉनांच्या वेगात नाही. त्यांच्या दोन अवस्थांमधील अंतर कंपनाच्या पायरीपेक्षा बरेच मोठे असावे लागते. हायड्रोजनमध्ये ते ११ विरुद्ध अर्धा असे आहे. प्रकाश शोषलेल्या मोठ्या रेणूंत मात्र दोन अवस्थांचे पृष्ठभाग कधी एकमेकांना भिडतात. तेथे इलेक्ट्रॉन कोणत्या पृष्ठभागावर आहेत हे केंद्रकांच्या हालचालीपासून वेगळे सांगता येत नाही.

१९/ अशी जागा ओळखण्याची एक खूण म्हणजे रेणू प्रकाश शोषतो, पण परत फेकत नाही. ऊर्जा क्षणार्धात कंपनांत उतरते. डोळ्यातील रेटिनल रेणू प्रकाश पडताच सुमारे २०० फेम्टोसेकंदांत आपला आकार बदलतो, तो अशाच जागेतून जाऊन. तेथे १९२७ ची विभागणी सोडून दोन्ही हिशेब पुन्हा एकत्र मांडावे लागतात.

२०/ तारापूरच्या भट्टीत जड पाणी न्यूट्रॉनांसाठी लागते. तो केंद्रकाचा गुण. ते साध्या पाण्यातून वेगळे काढणे कठीण, कारण इलेक्ट्रॉनांचा खळगा दोहोंसाठी एकच. आणि तरी ते काढता येते, कारण त्या खळग्यात केंद्रके आपापल्या वजनाप्रमाणे थरथरतात. ओपेनहायमर यांना उघड वाटलेली गोष्ट बोर्न यांनी अठ्ठावीस पानांत मोजून दाखवली, म्हणूनच ती कोठवर चालते आणि कोठे थांबते हेही सांगता येते.

(धागा समाप्त)