अंतरिम पोटगी : कायद्यात 60 दिवस, कोर्टात किती?

आपल्या वस्त्यांमधल्या कार्यकर्त्यांकडे माहेरी परतलेली ताई येते तेव्हा तिचा पहिला प्रश्न घटस्फोटाचा नसतो. केसचा निकाल लागेपर्यंत पोरांना काय खायला घालायचं, हा असतो. कायद्यात त्याचं उत्तर आहे. मूळ दावा चालू असतानाच दरमहा ठराविक रक्कम मिळावी असा वेगळा अर्ज करता येतो, त्यालाच अंतरिम पोटगी म्हणतात. ती लवकर का मिळत नाही आणि उशीर नेमका कुठे होतो, एवढंच आम्ही या लेखात पाहणार आहोत.

आधी अर्ज कुठे करायचा ते पाहू. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालं आहे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. हे कलम सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखंच लागू होतं. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे अर्ज त्या न्यायालयात जातो, नसेल तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. दुसरा रस्ता हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 24 चा. "आम्ही बौद्ध, मग आम्हाला हिंदू विवाह कायदा कसा?" असं तरुण मुलं आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्या कायद्याच्या कलम 2 मध्ये बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि आजच्या घडीला आपले घटस्फोटाचे दावे त्याच कायद्याखाली चालतात. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर त्यातलं कलम 36 पत्नीला लागू पडतं.

या दोन रस्त्यांत एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. कलम 24 ची पोटगी घटस्फोटाच्या किंवा तशाच दुसऱ्या वैवाहिक दाव्याला लटकलेली असते. नवऱ्याने दावा मागे घेतला की पुढच्या पोटगीचा आधारच जातो. कलम 144 चा अर्ज स्वतःच्या पायावर उभा असतो. म्हणून नवऱ्याने घटस्फोटाचा दावा टाकलेला असला तरी कलम 144 चा अर्ज वेगळा करून ठेवावा, असं आमचं मत आहे. दोन्हीकडे अर्ज केले तर एकाची माहिती दुसऱ्या कोर्टाला द्यावीच लागते आणि एका आदेशाची रक्कम दुसऱ्यात वळती होते. लपवलं तर नुकसान आपलंच.

आता मुदतीकडे येऊ. 2001 च्या दुरुस्तीने या तरतुदींमध्ये एक वाक्य आलं : अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्याच्या तारखेपासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा. लोक यातला "60 दिवस" हा शब्द तेवढा लक्षात ठेवतात. खरी मेख उरलेल्या दोन शब्दांत आहे. पहिला "शक्यतो". 60 दिवस उलटले म्हणून अर्ज आपोआप मंजूर होत नाही. दुसरा "नोटीस बजावल्याच्या तारखेपासून". घड्याळ अर्ज दाखल केल्याच्या दिवशी सुरूच होत नाही. नोटीस नवऱ्याच्या हाती पडेपर्यंत ते बंदच असतं.

प्रत्यक्षात काय होतं याचा सर्वात बोलका दाखला आपल्याच नागपूरचा आहे. तिथल्या कौटुंबिक न्यायालयात एका पत्नीने सप्टेंबर 2013 मध्ये स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. आदेश झाला ऑगस्ट 2015 मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. पत्नीला दरमहा 15,000 रुपये आणि मुलाला आधी 5,000, नंतर 10,000 रुपये. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, तिथे ऑगस्ट 2018 मध्ये त्याची याचिका फेटाळली गेली. मग तो सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे 4 नोव्हेंबर 2020 ला निकाल लागला : आदेश कायम, थकबाकी 12 आठवड्यांत भरा. 60 दिवसांच्या कामाला सात वर्षं लागली, आणि तीही फक्त अंतरिम पोटगीसाठी.

'रजनेश विरुद्ध नेहा' हाच तो निकाल, जो आज देशभरातल्या कोर्टांत पोटगीसाठी दाखवला जातो. त्यात न्यायालयाने सर्व कोर्टांसाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च सांगणारं शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यायचं. नवऱ्याने आपलं म्हणणं आणि शपथपत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत दाखल करायचं. त्यासाठी दोनपेक्षा जास्त तारखा द्यायच्या नाहीत. मुद्दाम टाळाटाळ दिसली तर त्याचा बचाव काढून टाकता येतो. शपथपत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांच्या आत कारणांसह आदेश करायचा. बारकाईने पाहिलं तर इथे न्यायालयाने 60 दिवस पाळले जात नाहीत हे एक प्रकारे मान्यच केलं आहे. पण त्याच निकालात दुसरी फार मोठी गोष्ट मिळाली : पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. त्याआधी काही कोर्टं आदेशाच्या तारखेपासून देत, आणि उशिराचा सगळा फायदा नवऱ्याला मिळे.

हे एका उदाहरणात मांडून पाहू. समजा, एक ताई नांदेडला माहेरी आहे, नवरा पुण्याजवळ कंपनीत कंत्राटी कामगार आहे आणि हातात 22,000 रुपये पगार येतो. ताई जिथे राहते त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, म्हणून तिने 3 मार्च 2025 ला नांदेडलाच अर्ज केला. अर्जात नवऱ्याचा पत्ता म्हणून सासरच्या गावचं घर लिहिलं. एप्रिलमध्ये नोटीस "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा मारून परत आली. मग पुण्याच्या खोलीचा आणि कंपनीचा पत्ता दिला. 20 जूनला नोटीस बजावली गेली. 60 दिवसांचं घड्याळ इथे सुरू झालं, म्हणजे मुदत 19 ऑगस्टला संपली. नवऱ्याने शपथपत्र 18 जुलैपर्यंत द्यायला हवं होतं. तो 8 जुलैला हजर झाला, वेळ मागितली. 5 ऑगस्टला पुन्हा वेळ मागितली. 2 सप्टेंबरला शपथपत्र आलं आणि 28 नोव्हेंबरला आदेश झाला : ताईला 5,000 आणि मुलीला 3,000, अर्जाच्या तारखेपासून.

उशीर कुठे झाला ते आता पाहा. साडेतीन महिने निव्वळ पत्त्यात गेले. ते ना कोर्टाने खाल्ले, ना नवऱ्याच्या वकिलाने. अर्ज लिहून देणाऱ्याने एकच पत्ता टाकला, तिथे ते गेले. म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना सांगतो : अर्जात गावचा पत्ता, राहत्या खोलीचा पत्ता, कामाच्या ठिकाणचा पत्ता आणि मोबाईल नंबर, सगळं पहिल्याच दिवशी द्या. नवरा सरकारी नोकर असेल तर त्याच्या कार्यालय प्रमुखामार्फत समन्स बजावता येतं. "घेण्यास नकार" असा शेरा आला तर घाबरू नका, तो आपल्या बाजूचा आहे, कारण नकार देणाऱ्याला बजावणी झाली असं धरता येतं. "राहत नाही" हा शेरा मात्र खरोखर अडचणीचा. नवरा मुद्दाम नोटीस चुकवतो किंवा कोर्टात यायचं टाळतो अशी कोर्टाची खात्री पटली तर एकतर्फी सुनावणीही होऊ शकते.

दुसरी गळती शपथपत्रात असते. अनेकदा पत्नीचंच शपथपत्र अर्जासोबत नसतं, आणि मग नवऱ्याचा वकील "आधी यांचं येऊ द्या" म्हणून तारीख घेतो. ते पहिल्याच दिवशी जोडावं. शेती असणाऱ्यांसाठी नमुना वेगळा आहे. दारिद्र्यरेषेखालील किंवा रोजंदारीवरच्या पक्षकारांना या शपथपत्रातून सूट आहे, ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. तसेच, पत्नी शिवणकाम करून तीन-चार हजार मिळवत असेल तर ते लपवू नये. तेवढ्या कमाईने हक्क जात नाही, खोटं शपथपत्र उघडं पडलं तर मात्र सगळ्याच म्हणण्यावरचा विश्वास उडतो. उलट बाजूने "मला नोकरी नाही" एवढं म्हणून धडधाकट नवऱ्याची सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे.

तिसरी गळती समुपदेशनात. कौटुंबिक न्यायालयात पक्षकारांना समुपदेशकाकडे पाठवतात. ते चांगलंच आहे, पण तीन-चार महिने तिथेच जातात आणि अंतरिम अर्जाला कुणी हात लावत नाही. समझोत्याची बोलणी चालू असतानाच अंतरिम अर्ज ऐकावा, अशी लेखी विनंती करावी. प्रत्येक तारखेचा रोजनामा पाहावा. ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर क्रमांक टाकला की तारीख का पडली ते कळतं. दोन तारखा होऊनही नवऱ्याचं म्हणणं आलं नसेल तर 2020 च्या निकालाचा हवाला देऊन बचाव काढून टाकण्याचा अर्ज द्यावा.

आमच्याकडे लग्नाच्या पुराव्याचाही प्रश्न येतो. विहारात किंवा मांडवात बौद्ध पद्धतीने लग्न झालं, नोंदणी केली नाही आणि नवरा आता लग्नच नाकारतो. कलम 144 च्या कामात घटस्फोटाच्या दाव्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. लग्नपत्रिका, फोटो, लग्न लावणाऱ्यांचं प्रमाणपत्र, रेशनकार्ड, मुलाच्या जन्मदाखल्यावरचं बापाचं नाव, हे सगळं सोबत लावावं.

आता उदाहरणातली थकबाकी. 3 मार्च ते 2 डिसेंबर असे नऊ महिने, दरमहा 8,000 प्रमाणे 72,000 रुपये. म्हणजे उशिराने पैसे बुडाले नाहीत, अडकून पडले. पण यावरून दुसरी बाजूही कळते : अर्ज करण्याआधीचे महिने मात्र कायमचे जातात. "बैठक घेऊ, मिटेल" म्हणत वस्तीतल्या पंचांनी सहा महिने घालवले तर वरच्या हिशेबाने 48,000 रुपये गेले. बैठक घ्यावी, पण अर्ज दाखल करून घ्यावी.

आदेश होऊनही पैसे न दिल्यास वसुलीचा अर्ज करावा लागतो. कोर्ट वॉरंट काढू शकतं, आणि तरीही रक्कम भरली नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. या वसुलीला एका वर्षाची मुदत आहे आणि ती सर्वात जुन्या थकलेल्या महिन्यापासून मोजली जाईल असं धरूनच चालावं. घटस्फोटाचा दावा नवऱ्याचाच असेल आणि तो कलम 24 ची पोटगी भरत नसेल, तर पैसे भरेपर्यंत त्याचा दावा थांबवावा अशी मागणी करता येते. ज्याला घटस्फोटाची घाई आहे त्याच्यावर तुरुंगाच्या भीतीपेक्षा हा उपाय जास्त चालतो, असं आम्ही पाहिलं आहे.

वकिलाच्या फीसाठी कुणी अडून बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा किंवा 15100 वर फोन करावा. अर्जावर तारखेसह पोच घ्यायला विसरू नये.