रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाताना

एड्सखर डाइक्स्ट्रा यांच्या नावाने ओळखली जाणारी सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत मी प्रथम एका पाठ्यपुस्तकात वाचली. पुस्तकात ती ‘हीप’ नावाच्या रचनेसह शिकवली होती. जे अंतर सर्वांत कमी ते नेहमी वर ठेवणारी ही एक हुशार मांडणी. हीच या रीतीची खरी गंमत, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. पुढे १९५९चा मूळ लेख हाती आला. ‘नुमेरिशे माथेमाटिक’ या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडातला, अवघ्या तीन पानांचा. त्यात हीपचा पत्ताच नाही, आणि असणारही कसा? हीप विल्यम्स यांनी मांडला तो १९६४ साली. मग डाइक्स्ट्रांना नेमके काय सापडले होते, हा प्रश्न माझ्यापुरता नव्याने उभा राहिला.

गोष्ट १९५६ची आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये आर्माक नावाचा संगणक तयार झाला होता आणि त्याच्या उद्घाटनासाठी प्रात्यक्षिक हवे होते. पाहुणे काही सगळे गणिती नव्हते, त्यामुळे प्रश्नही कळला पाहिजे आणि उत्तरही. डाइक्स्ट्रांनी हॉलंडच्या नकाशावर ६४ शहरे घेतली आणि एका शहरातून दुसऱ्या शहराला जाण्याचा सर्वांत कमी लांबीचा मार्ग विचारायचे ठरवले. ६४च का, तर शहराचा क्रमांक सहा बिटांत मावतो म्हणून! रीत सुचली ती मात्र यंत्रापाशी नाही. वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून दमल्यावर ते एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी घेत बसले होते आणि वीसेक मिनिटांत सगळे मनात जुळले, असे त्यांनी २००१च्या एका मुलाखतीत सांगितले. कागद-पेन्सिल जवळ नव्हती म्हणूनच टाळता येण्याजोगी गुंतागुंत टाळावी लागली, असेही ते म्हणाले.

कॉफीची गोष्ट सगळे सांगतात. मला त्या तीन पानांतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, पण आधी रीत चालवून पाहू. प्रात्यक्षिकातल्याप्रमाणे रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचे आहे. सगळी ६४ शहरे नकोत, सात पुरेत. अंतरे मी हिशेबासाठी गोळाबेरीज धरली आहेत, प्रवासाला निघताना त्यांवर विसंबू नये.

रॉटरडॅमहून दोन रस्ते फुटतात: उट्रेख्ट ६० किलोमीटर, अ‍ॅमस्टरडॅम ७५. दोन्ही आकडे तूर्त कच्चे. यांतला लहान तो ६०, म्हणून उट्रेख्ट पक्के करायचे. हे कशाच्या बळावर? उट्रेख्टला दुसऱ्या कुठल्याही वाटेने यायचे तर आधी अ‍ॅमस्टरडॅमला जावे लागेल. तिथेच ७५ झाले, आणि पुढचा रस्ता लांबी वाढवेल, कमी तर करणार नाही. सगळी रीत या एका वाक्यावर उभी आहे.

आता उट्रेख्टहून पुढे पाहायचे. आमर्सफोर्ट २५ वर, म्हणून त्याचा कच्चा आकडा ८५. उट्रेख्टवरून अ‍ॅमस्टरडॅम गाठले तर १०५ होतात, ७५ बरे, म्हणून ते तसेच राहू द्यायचे. पुढचे पक्के अ‍ॅमस्टरडॅम, ७५ ला. तिथून झ्वोले ११० वर, म्हणजे १८५. आफ्सलाउटडाइकवरून, म्हणजे १९३२ साली पूर्ण झालेल्या त्या समुद्रातल्या बांधावरून, लेउवार्डन १३५ वर, म्हणजे २१०. मग आमर्सफोर्ट पक्के, ८५ ला. तिथून झ्वोले ७० वर, म्हणजे १५५. आधी लिहिलेले १८५ खोडायचे आणि ‘आमर्सफोर्टवरून’ अशी नोंद करायची. कच्चा आकडा असा कमी होऊ शकतो, पक्का होत नाही. झ्वोले १५५ ला पक्के केले की तिथून ग्रोनिंगेन १०५ वर, म्हणजे २६०.

नवशिका इथे हटकून थांबतो. मीही थांबलो होतो. ग्रोनिंगेनला आकडा मिळाला, झाले काम! पण तो अजून कच्चा आहे. लेउवार्डन २१० वर ताटकळत उभे आहे आणि तिथून ग्रोनिंगेनला रस्ता आहे. तो ४० चा असता तर उत्तर २५० आले असते. लेउवार्डन पक्के करून पाहिले तर रस्ता ६० चा निघतो, बेरीज २७०. म्हणजे २६० टिकले, आणि आता ग्रोनिंगेन पक्के. आकडा मिळाला की नव्हे, मुक्काम पक्का झाला की थांबायचे. नोंदी उलट वाचल्या की मार्ग मिळतो: झ्वोले, आमर्सफोर्ट, उट्रेख्ट, रॉटरडॅम.

आता मूळ लेखाकडे. डाइक्स्ट्रा शहरांचे तीन गट करतात: पक्की झालेली, त्यांना लागून असलेली, आणि ज्यांचा अजून विचारच झालेला नाही अशी. रस्त्यांचेही तीनच गट. मधल्या गटातल्या प्रत्येक शहरासाठी आजवरचा सर्वांत चांगला असा एकच रस्ता लक्षात ठेवायचा, बाकीचे सोडून द्यायचे. वर १८५ खोडले तेव्हा अ‍ॅमस्टरडॅम–झ्वोले हा रस्ता असाच कायमचा सुटला. त्यामुळे नकाशावर रस्ते कितीही असोत, एका वेळी हाताशी ठेवायचे रस्ते शहरांच्या संख्येपेक्षा नेहमी कमीच राहतात. ६४ शहरे असतील तर जास्तीत जास्त ६३. फोर्ड यांच्या रीतीपेक्षा आपली रीत का बरी, याचे पहिले कारण म्हणून डाइक्स्ट्रा हेच सांगतात. त्यांचा पहिला भर जागेवर आहे. तेव्हाच्या यंत्रांची स्मृती इतकी तुटपुंजी होती की सगळे रस्ते एकदम साठवणे हीच अडचण होती. सर्वांत लहान आकडा शोधायला मधला गट सरळ डोळ्यांखालून घालायचा. ६४ शहरांसाठी या शोधाच्या तुलना फार तर दोन हजारांच्या आसपास होतात. हीपची गरज पडली ती नकाशे लाखो नाक्यांचे झाले तेव्हा. पाठ्यपुस्तकाने मला नंतरची दुरुस्ती आधी शिकवली आणि मूळ काटकसर गाळली, अशी माझी तक्रार आहे.

लेख तीन वर्षे उशिरा का छापला गेला? संगणनाला वाहिलेली नियतकालिके जवळजवळ नव्हतीच. शिवाय मार्गांची संख्या मर्यादित असेल तर त्यांत एक सर्वांत लहान असणारच, यात गणित ते काय, अशी धारणा होती. दरम्यान १९५७ मध्ये क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूटच्या एका अहवालात जवळजवळ हीच रीत येऊन गेली आणि १९६० मध्ये डँट्झिग यांनीही तिच्या जवळची रीत मांडली. नाव एकाचे राहिले, याचे मला फारसे वैषम्य वाटत नाही. ती तीन पाने खरोखरच स्वच्छ आहेत.

एक अट मात्र विसरून चालत नाही. किलोमीटर ऋण नसतात, खर्च असू शकतो. समजा अ‍ॅमस्टरडॅमहून उट्रेख्टला माल नेताना २० मिळतात, म्हणजे त्या एका दिशेचा रस्ता उणे २०. आता अ‍ॅमस्टरडॅमवरून उट्रेख्ट ५५ ला पडते, पण आपण ते आधीच ६० ला पक्के करून बसलो. आमर्सफोर्ट ८० ऐवजी ८५ राहते आणि पुढचे सगळे पाचाने चुकते. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. पक्के होणारे आकडे चढत्या क्रमाने आले पाहिजेत. ७५ पक्के करून झाल्यावर एखाद्या शहराला ५५ मिळू लागले की अट मोडली असे समजावे.

यावर मी एकदा मोठ्या उत्साहाने उपाय काढला होता: प्रत्येक रस्त्यात २० मिळवा, म्हणजे ऋण काही उरतच नाही. उट्रेख्टचा थेट रस्ता ८० झाला. अ‍ॅमस्टरडॅमवरून ९५ अधिक शून्य, म्हणजे ९५. थेट रस्ता जिंकला, आणि खरे उत्तर हरले. दोन टप्प्यांच्या वाटेवर ४० चढतात, एका टप्प्याच्या वाटेवर २०, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ऋण रस्ते असतील तर पक्के करण्याचा मोह सोडून बेलमन आणि फोर्ड यांच्या रीतीने सगळे रस्ते पुन्हा पुन्हा तपासावे लागतात, म्हणजे डाइक्स्ट्रांनी वाचवलेली जागा परत द्यावी लागते.