नमुना-नकाराची नोंद (प्रयोगशाळा माहिती प्रणालीतील)

वैद्यकीय प्रयोगशाळेत आलेला रक्ताचा, लघवीचा किंवा अन्य नमुना तपासण्याजोगा नसेल, तर तो का नाकारला, कोणी नाकारला आणि त्यानंतर काय झाले, याची प्रयोगशाळा माहिती प्रणालीत (रोजच्या बोलण्यात ‘एलआयएस’) केलेली नोंद. नमुना स्वीकारण्या-नाकारण्याचे निकष प्रयोगशाळेने ठरवून ठेवावेत, असे आयएसओ १५१८९ या मानकाची २०२२ची आवृत्ती सांगते. भारतात एनएबीएल याच मानकावर प्रयोगशाळांना मान्यता देते. मात्र निकष भिंतीवर लावले की काम संपत नाही. ट्यूब फेकून दिल्यावर त्या निर्णयाचा पुरावा म्हणून नोंदच काय ती उरते, म्हणून ज्याने ती ट्यूब पाहिलेली नाही त्यालाही नोंद वाचून निर्णय पटला पाहिजे.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण रक्त एका ठिकाणी घेतले जाते आणि तपासले जाते दुसरीकडे. बोरिवली किंवा मुलुंडच्या कलेक्शन सेंटरवर, कित्येकदा रुग्णाच्या घरीच, सकाळी रक्त काढायचे. ते खोक्यात घालून रायडरने अंधेरी किंवा घाटकोपरच्या मुख्य प्रयोगशाळेत पोहोचवायचे, ही नेहमीची पद्धत. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गाडी अडकली किंवा पावसात लोकल थांबली, तर नमुन्याचे वय वाढते, पण ट्यूबकडे पाहून ते कळत नाही.

एक नमुनेदार प्रसंग घेऊ. मुलुंडमधील एका रुग्णाच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲसेनोकुमारॉलच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून डॉक्टरांनी पीटी-आयएनआर सांगितले आहे. सोबत सीबीसी आणि क्रिएटिनिनही. सकाळी ७.१०ला घरी रक्त घेतले, ८.४५ला सेंटरवर बारकोड लागला, ११.२०ला खोके अंधेरीत उघडले. निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त कमी आहे. या ट्यूबमध्ये ०.३ मिली सायट्रेट आधीच असते आणि त्यात २.७ मिली रक्त यावे लागते, म्हणजे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. इथे रक्त आले आहे सुमारे १.८ मिली, म्हणजे प्रमाण सहास एक. जादा उरलेले सायट्रेट चाचणीत घातलेले कॅल्शियम अडवते, रक्त गोठायला वेळ लागतो आणि आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. तो आकडा पाहून डॉक्टर गोळी कमी करतील आणि झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढेल. रेषेच्या ९० टक्क्यांहून कमी भरलेली सायट्रेट ट्यूब नाकारण्याचा प्रघात यामुळेच आहे.

आता नोंद. पहिली चूक इथे होते ती अशी, की टेक्निशियन सगळी मागणीच नाकारतो. जांभळ्या टोपणाची ट्यूब आणि जेलची पिवळी ट्यूब निर्दोष आहेत. सीबीसी आणि क्रिएटिनिन चालू राहिले पाहिजेत. नकार चाचणीला आणि त्या विशिष्ट ट्यूबच्या बारकोडला जोडलेला असावा, रुग्णाच्या नावाला नव्हे. दुसरी चूक याहून वाईट: ‘रिजेक्ट’ऐवजी ‘कॅन्सल’ दाबणे. कॅन्सल म्हणजे चाचणी नकोच होती. त्याने यादीतून चाचणी नाहीशी होते, रिपोर्टवर त्याचा मागमूस राहत नाही, आणि डॉक्टर आयएनआरची वाट पाहत बसतात. रिपोर्टवर त्या चाचणीसमोर ‘नमुना अपुरा, चाचणी झाली नाही, पुन्हा नमुना पाठवावा’ असे स्पष्ट छापले गेले पाहिजे.

कारणाच्या यादीतून ‘अपुरा नमुना’ निवडला जाईल. एचएल७ संदेशांत नकाराचे कारण SPM-21 या रकान्यात जाते. अपुऱ्या नमुन्याला `QS`, गुठळी झाल्यास `RC`, रक्तपेशी फुटल्यास `RH` असे संकेत आहेत. संकेताचा उपयोग मोजणीला. निर्णय समजण्यासाठी त्याखाली निरीक्षण लिहावे लागते. ‘सॅम्पल खराब’ हे निरीक्षण नव्हे, शेरा आहे. ‘२.७ मिलीची सायट्रेट ट्यूब, रक्त अंदाजे १.८ मिली, गुठळी नाही’ हे निरीक्षण. रक्तपेशी फुटलेल्या नमुन्यात डोळ्याने पाहिलेला लालसरपणा लिहिण्यापेक्षा यंत्राने दिलेला हिमोलिसिसचा निर्देशांक लिहावा. काविळीच्या पिवळ्या सीरममध्ये डोळा फसतो.

वेळेचे रकाने तीन हवेत: रक्त घेतल्याची, प्रयोगशाळेत पोहोचल्याची आणि नाकारल्याची. वरच्या प्रसंगात प्रणालीने बारकोड लावल्याची वेळ हीच ‘कलेक्शन टाइम’ धरली असती, तर ७.१० ते ८.४५ ही दीड तासाहून मोठी फट कागदावरून पुसली गेली असती. आयएनआरच्या बाबतीत त्याने फारसे बिघडले नसते. पोटॅशियमच्या बाबतीत बिघडते. न फिरवलेली ट्यूब बर्फाच्या पॅकला टेकून प्रवास करत आली, तर पेशी न फुटताही पोटॅशियम बाहेर झिरपते. सीरम स्वच्छ दिसते, आकडा मात्र चढलेला येतो. अशा ट्यूबविरुद्ध पुरावा असतो तो फक्त वेळ आणि खोक्याचे तापमान. म्हणून उपनगरी साखळीत रायडरने खोके सोपवतानाचे तापमानही नोंदीत असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कळवण्याचा रकाना बहुधा सर्वांत कच्चा राहतो. ‘सेंटरला सांगितले’ एवढ्याने भागत नाही. कोणी कोणाला, किती वाजता, फोनवर की संदेशाने सांगितले आणि पलीकडच्याने काय कबूल केले, हे लिहावे: ११.३५ला नकार, ११.४२ला सेंटरवरील अमुक फ्लेबोटॉमिस्टला फोन. आजच नवी निळी ट्यूब रेषेपर्यंत भरून घ्यायचे ठरले. नव्या ट्यूबचा क्रमांक आला की तो जुन्या नकाराला जोडावा. ही जोड नसेल तर रुग्णाकडून दुसऱ्यांदा पैसे घेतले जाण्याची शक्यता असते आणि नकार शेवटी मिटला की नाही हे कोणालाच कळत नाही. नाकारलेली ट्यूब टाकली की किती दिवस ठेवली, हेही त्याच ठिकाणी.

ओळखीचा गोंधळ हा निराळा वर्ग. ट्यूबवर एक नाव आणि मागणीपत्रावर दुसरे असेल, तर दोन्ही नावे जशी आहेत तशी टिपावीत, ट्यूबचा फोटो जोडावा आणि त्या वेळी त्या रुग्णाकडून घेतलेल्या सगळ्याच ट्यूब थांबवाव्यात. सेंटरवरून ‘लेबल बदला, चूक आमची आहे’ असा फोन आला, तरी साध्या रक्ताच्या नमुन्यावर नवे लेबल चिकटवू नये. पाठीच्या मणक्यातून काढलेला द्रव किंवा बायोप्सीचा तुकडा मात्र पुन्हा मिळणे अवघड. अशा वेळी मानक स्वीकाराची मुभा देते, पण दोष काय होता आणि निष्कर्ष किती जपून वाचावा हे अंतिम रिपोर्टवर लिहिण्याच्या अटीवर. तेव्हा प्रणालीत ‘नाकारला’ नव्हे तर ‘अपवादाने स्वीकारला’ अशी स्वतंत्र अवस्था लागते, आणि ती कोणत्या पॅथॉलॉजिस्टने मंजूर केली त्याचे नाव.

महिनाअखेर या नोंदींची टक्केवारी काढताना भागाकार आलेल्या ट्यूबच्या संख्येने करतात, रुग्णसंख्येने नव्हे, आणि सेंटरवार वेगळा करतात. एखाद्या सेंटरचा आकडा शून्य आला तर आधी तिथले कॅन्सल मोजून पाहावेत.