भाऊसाहेब आले म्हणे!

तिळाचे लाडू वळायला बसली की आमच्या आजीला पानिपत आठवायचं. हाताला चटका बसत असायचा आणि तोंडाने भाऊसाहेब चालू. “संक्रांतीला लढाई झाली, पण भाऊ काही मेले नाहीत हो,” असं ती ठामपणे सांगायची. खरं तर लढाई झाली १४ जानेवारी १७६१ला, पौष शुद्ध अष्टमीला, आणि त्या काळी संक्रांत त्याच्या तीन-चार दिवस आधी येई. पण लाडू वळताना तिला हे कोण सांगणार?

गादी नानासाहेब पेशव्यांची असली तरी कारभार आणि फौज सदाशिवरावभाऊंच्या हातात होती. विश्वासराव गोळी लागून पडले, तसे भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. तिथून पुढे ते कुणाला दिसले नाहीत. अफवेला एवढी फट पुरली. हरियाणात रोहतकजवळच्या सांघी गावी आजही सांगतात, की जखमी भाऊ इथे आले आणि साधू होऊन राहिले.

आजोबा मात्र काशिराज पंडिताचा दाखला देत. हा शुजाउद्दौल्याच्या छावणीत होता. प्रेतांच्या ढिगात एक धड सापडलं, शिराशिवाय. पाठीवर मुजफ्फरखान गारद्याच्या कट्यारीचा जुना वण होता आणि हातागुडघ्यांवर रोजच्या सूर्यनमस्कारांचे घट्टे होते. शिर दुसऱ्या दिवशी एका दुराण्याकडे मिळालं. मग दहन झालं. मला हा पुरावा वजनदार वाटतो, कारण असे वण ओळखणारी मराठी माणसं तिथे होती. पण काशिराजाने हे लिहिलं १७८०च्या सुमारास, म्हणजे जवळपास वीस वर्षांनी, हेही विसरता येत नाही.

“आमचे मोठे मामा काशीला गेले, तेही असेच,” शेजारच्या काकू मध्येच म्हणायच्या. मामा आठ महिन्यांनी परत आले होते, त्यामुळे त्यांचं उदाहरण आजीच्याच बाजूचं ठरे.

आणि तोतया तर खरोखरच आला. सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण. थोरल्या माधवरावांनी चौकशी करून त्याला कैदेत टाकलं होतं. पण १७७६त रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजप्यांनी त्याला सोडून भाऊ म्हणून उभं केलं. सवाई माधवराव दोन वर्षांचं पोर, राघोबादादा आणि बारभाईंचं भांडण पेटलेलं. मोठं माणूस परत यावं असं कुणाला वाटलं नसेल? कोकणातले किल्ले भराभर त्याला मिळाले. शेवटी महादजी शिंद्यांच्या फौजेपुढे तो पळाला, रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडलं आणि पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली.

“मग पार्वतीबाईंनी कुंकू का नाही पुसलं?” आजीचा हा शेवटचा हुकमी सवाल. पानिपताहून जिवंत परतलेल्या त्या बाईने वैधव्य मानलं नाही, हे खरंच. पण तिला प्रेत दाखवलं होतं कुणी? तिच्या कुंकवावरून एवढंच कळतं, की तिची खात्री पटली नव्हती. आजोबा हे बोलून दाखवत नसत. चहाचा कप पुढे करून ते म्हणत, “साखर कमी आहे.”