न वटलेला धनादेश : गप्पांतून मागणीपत्राकडे

ग्राहकाचा धनादेश परत आला की व्यापाऱ्याचा पहिला हात मोबाइलकडे जातो. दोन-चार संदेश जातात, तिकडून दिलगिरी येते, 'बघू', 'देतो', 'सोमवारी टाका' असे वायदे होतात आणि प्रकरण तिथेच रेंगाळते. ओळखीच्या व्यवहारात हे स्वाभाविकच आहे. मात्र परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) या कायद्याचे घड्याळ या गप्पांसाठी थांबत नाही. कलम १३८चा आधार घ्यायचा असेल, तर धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणी करावीच लागते. ही मागणी वकिलानेच केली पाहिजे असे नाही. ज्याच्या नावे धनादेश आहे, तो स्वतः पत्र लिहू शकतो आणि ते मराठीत असले तरी चालते. प्रश्न एवढाच की, गप्पांतला कोणता मजकूर पत्रात घ्यायचा आणि कोणता वगळायचा?

एक नमुन्याचे प्रकरण

पुण्याच्या भवानी पेठेतील प्लायवूडचा एक घाऊक व्यापारी आणि साताऱ्याचा एक फर्निचर कारागीर यांच्यातील पुढील व्यवहार उदाहरणादाखल कल्पिलेला आहे. १० जानेवारी २०२६ रोजी ८६,४०० रुपयांचा माल गेला. त्यापोटी ३ फेब्रुवारीचा धनादेश मिळाला. तो भरल्यावर ६ फेब्रुवारीला बँकेचा परतीचा मेमो हाती आला. त्यावर 'फंड्स इन्सफिशियंट', म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही, असे कारण होते. ८ फेब्रुवारीला व्हॉट्सअ‍ॅपवर झालेला संवाद असा :

व्यापारी : चेक परत आला. हे काय चाललंय तुमचं?
ग्राहक : सॉरी शेठ, एका पार्टीचं पेमेंट अडकलंय. सोमवारी परत टाका.
व्यापारी : मागच्या दिवाळीतही हेच. बँकेने माझे ३५४ रुपये कापले.
ग्राहक : तुमचे ८६ हजार देणं आहे, नाही कुठं म्हणतो? वीस तारखेला निम्मे देतो, उरलेले मार्च अखेर.
व्यापारी : ठीक आहे, बघू. नाहीतर कोर्टात खेचीन.
ग्राहक : आणि चार शीटचे थर सुटलेत, तेही बघा.

या सहा ओळींत पत्राला लागणारे बहुतेक सर्व साहित्य आहे. ते फक्त निवडून घ्यावे लागते.

काय ठेवावे, काय गाळावे

सर्वांत मोलाचे वाक्य ग्राहकाचे आहे : 'तुमचे ८६ हजार देणं आहे.' ही देण्याची कबुली आहे. ती तारखेसह जशीच्या तशी पत्रात घ्यावी आणि मूळ संवाद मोबाइलमधून पुसू नये. पुढे हा संवाद न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचा झाला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.

'मागच्या दिवाळीतही हेच' हे वाक्य गाळावे. तो वेगळा व्यवहार आहे आणि मिटलेला आहे. 'कोर्टात खेचीन' हेही जावे. त्याच्या जागी 'कायद्यानुसार उपलब्ध मार्ग अवलंबावा लागेल' एवढेच पुरते. त्यात धमकी नसते आणि परिणाम मात्र स्पष्ट असतो.

'ठीक आहे, बघू' हे वाक्य सर्वांत धोक्याचे. ग्राहक त्याचा अर्थ 'हप्ते मान्य केले' असा लावू शकतो. आणि मार्च अखेरपर्यंत थांबले, तर ३० दिवसांची मुदत ८ मार्चला संपून गेलेली असेल. म्हणून हप्त्यांचा प्रस्ताव आला होता, पण तो स्वीकारलेला नाही, हे पत्रात स्वच्छ लिहावे.

थर सुटलेल्या शीटची तक्रार टाळू नये आणि मान्यही करू नये. ती धनादेश परत आल्यानंतर प्रथमच कळवली गेली, एवढी वस्तुस्थिती नोंदवून मालाची पाहणी स्वतंत्रपणे करू, असे सांगावे.

रकमेचा काटेकोरपणा

पत्रातील सर्वांत नाजूक भाग म्हणजे रक्कम. कायदा 'सदर रकमेची', म्हणजे धनादेशावरील रकमेची, मागणी अपेक्षितो. व्याज, बँकेचे शुल्क आणि जुनी बाकी मिळवून एकच गोळाबेरीज मागितली, तर नोटीसच सदोष ठरण्याचा धोका असतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. तेथे धनादेश एक कोटीचा आणि नोटिशीतील मागणी दोन कोटींची होती. टंकलेखनातील चूक हा बचावही मान्य झाला नाही. मात्र धनादेशाची रक्कम स्वतंत्रपणे सांगून इतर खर्च वेगळा दाखवला, तर नोटीस बाद होत नाही, हे त्याच न्यायालयाने सुमन सेठी प्रकरणात २००० साली स्पष्ट केले आहे. म्हणून येथे ८६,४०० रुपये ही मागणी एका परिच्छेदात आणि ३५४ रुपये दुसऱ्या परिच्छेदात येतील. ग्राहकाने संवादात '८६ हजार' म्हटले असले, तरी मागणीचा आकडा धनादेशावरून घ्यायचा, बोलण्यातून नव्हे.

लिहायला बसण्यापूर्वी खात्याचा उतारा पाहावा. मधल्या काळात यूपीआयने काही रक्कम आली असेल, तर मसुदा बदलतो. अशा वेळी वकिलाचा सल्ला घेणे इष्ट.

मागणीपत्राचा मसुदा

दिनांक : १२ फेब्रुवारी २०२६
प्रति : (धनादेश देणाऱ्याचे पूर्ण नाव व पत्ता)

विषय : रु. ८६,४००/- चा धनादेश न वटता परत आल्याबाबत

महोदय,

१. आपल्या मागणीनुसार दि. १० जानेवारी २०२६ रोजी बिल क्र. २१२ अन्वये आपणांस प्लायवूडचा माल पुरवण्यात आला. त्या देण्यापोटी आपण दि. ३ फेब्रुवारी २०२६ चा, रु. ८६,४००/- (अक्षरी रुपये शहाऐंशी हजार चारशे फक्त) रकमेचा धनादेश क्र. (...), (बँक व शाखा) यांवर काढून दिलात.

२. सदर धनादेश 'फंड्स इन्सफिशियंट' या कारणाने न वटता परत आला. तशी माहिती आमच्या बँकेच्या मेमोद्वारे दि. ६ फेब्रुवारी २०२६ रोजी आम्हांस मिळाली. दि. ८ फेब्रुवारीच्या संदेशात आपण 'तुमचे ८६ हजार देणं आहे' असे कळवून देणे मान्य केले आहे.

३. सबब, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत धनादेशाची संपूर्ण रक्कम रु. ८६,४००/- आम्हांस अदा करावी, अशी याद्वारे मागणी करीत आहोत.

४. रक्कम पुढीलपैकी सोयीच्या मार्गाने द्यावी : (अ) खाते क्र. (...) मध्ये एनईएफटीने, (आ) आमच्या नावे डिमांड ड्राफ्टने. रक्कम मिळताच पावती व मूळ धनादेश परत दिला जाईल.

५. दोन हप्त्यांचा आपला प्रस्ताव आम्ही स्वीकारलेला नाही. हप्त्यांची सवलत हवी असल्यास सात दिवसांत लेखी विनंती करावी व सोबत किमान निम्मी रक्कम जमा करावी. आमची लेखी संमती मिळेपर्यंत परिच्छेद ३ मधील मागणी व मुदत कायम राहील.

६. याखेरीज, धनादेश परत आल्यामुळे बँकेने आकारलेले रु. ३५४/- स्वतंत्रपणे देय आहेत. परिच्छेद ३ मधील रकमेत ते समाविष्ट नाहीत.

७. चार शीटविषयीची आपली तक्रार दि. ८ फेब्रुवारी रोजी प्रथमच कळली. मालाची पाहणी आम्ही स्वतंत्रपणे करू.

८. विहित मुदतीत रक्कम न मिळाल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ अन्वये, तसेच दिवाणी स्वरूपाची कारवाई करणे आम्हांस भाग पडेल. ती वेळ येऊ नये, अशी अपेक्षा आहे.

आपला,
(सही, नाव, पत्ता)

पत्र कसे पाठवावे, पुढे काय

धनादेश फर्मचा किंवा कंपनीचा असेल, तर पत्र फर्मच्या वा कंपनीच्या नावे आणि सही करणाऱ्याच्याही नावे पाठवावे. रजिस्टर्ड पोस्टाची सेवा २०२५मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळे नोंदणीच्या सुविधेसह स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती, पोस्टाची पावती आणि सही केलेली प्रत जपून ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्राचे छायाचित्र जरूर पाठवावे, पण पोस्टाला पर्याय म्हणून नव्हे. पत्ता बरोबर असूनही ग्राहकाने पाकीट नाकारले, तर ते पोहोचले असे गृहीत धरले जाऊ शकते. म्हणून 'स्वीकारण्यास नकार' अशा शेऱ्यासह परत आलेले पाकीट न फोडता ठेवावे.

समजा, पत्र १४ फेब्रुवारीला पोहोचले. त्यापुढचे १५ दिवस १ मार्चला संपतात. तोवर पूर्ण रक्कम आली, तर कलम १३८चा गुन्हा घडतच नाही. न आल्यास त्यानंतर एक महिन्याच्या आत तक्रार दाखल करावी लागते. या प्रकरणात मार्च संपण्यापूर्वी ती दाखल झालेली बरी. व्यापाऱ्याने धनादेश ज्या शाखेतील आपल्या खात्यात भरला, त्या शाखेच्या हद्दीतील न्यायालयात ही तक्रार करता येते. ही तरतूद २०१५च्या दुरुस्तीने झाली आहे. म्हणजे पुण्याच्या व्यापाऱ्याला साताऱ्याला खेटे घालावे लागत नाहीत. दोष सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

नोटिशीची ३० दिवसांची मुदत चुकली, तरी सर्व संपले असे नाही. धनादेशाची वैधता त्यावरील तारखेपासून तीन महिने असते. तेवढ्या काळात तो पुन्हा भरता येतो आणि पुन्हा परत आल्यास नवा मेमो व नवे ३० दिवस मिळतात. एमएसआर लेदर्स प्रकरणात २०१२पासून हे मान्य झाले आहे. या उदाहरणात ती संधी मे महिन्याच्या आरंभापर्यंतच आहे. ग्राहकाच्या 'मार्च अखेर'च्या वायद्यावर विसंबणाऱ्याने निदान ही तारीख तरी दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावी. ती उलटल्यावर उरतो तो केवळ वसुलीचा दिवाणी दावा, आणि त्याचा रस्ता बराच लांबचा असतो.