चित्रातली बैलगाडी चालवताना : एआय व्हिडिओतील विचित्र हालचाल कशी सुधारावी?

हाताने काढलेले एक चित्र आणि एक-दोन वाक्यांची सूचना दिली, की इमेज-टू-व्हिडिओ साधने त्यापासून काही सेकंदांचे हलते दृश्य तयार करतात. पण चित्रातली बैलगाडी चालू लागते तेव्हा बैलांचे पाय एकमेकांत मिसळतात आणि चाक उलटे फिरते. असे का होते आणि त्यावर काय करता येते, ते या एकाच उदाहरणातून पाहू.

साधन नेमके काय करते?

साधनाला बैल म्हणजे काय हे शरीररचनेतून कळत नाही. असंख्य व्हिडिओंवरून शिकलेल्या सवयीने ते तुमच्या चित्रानंतरच्या फ्रेम रचते. उदाहरणार्थ, वॅन २.१ हे खुले मॉडेल साधारणपणे सेकंदाला १६ या वेगाने ८१ फ्रेम बनवते, म्हणजे सुमारे ५ सेकंदांचे दृश्य. आतल्या आत मात्र ते लागोपाठच्या चार-चार फ्रेम एकत्र दाबून हाताळते. त्यामुळे संथ हालचाल नीट उमटते, पण झपाझप हलणारे पाय पुसट होतात.

पाय मिसळत असतील तर

दोष बहुधा चित्रातच असतो. बाजूने काढलेल्या बैलजोडीचे आठ पाय एकमेकांवर येतात. कोणती रेघ कोणत्या बैलाची हे साधनाला ठरवता येत नाही, म्हणून चालताना पायांची अदलाबदल होते. अशा वेळी सूचना बदलत बसण्यापेक्षा चित्र दुरुस्त करावे. प्रत्येक दोन पायांमध्ये थोडी मोकळी जागा ठेवा, मागच्या बैलाला जरा गडद रंग द्या आणि खुर जमिनीवर स्पष्ट दाखवा. गाडी ज्या दिशेने जाणार, त्या बाजूला कागद रिकामा ठेवा. चित्राची लांबी-रुंदी व्हिडिओच्या प्रमाणातच, उदाहरणार्थ १६:९, असू द्या. नाहीतर साधन कडा कापते.

सूचनेत चित्राचे वर्णन करू नका. ते साधनाला दिसतेच. फक्त हालचाल सांगा:

```
Two bullocks walk slowly to the right, pulling the cart.
The cart wheel rolls. Static camera. Flat watercolor style.
```

‘कॅमेरा हलवू नको’ अशा नकारार्थी वाक्यापेक्षा ‘स्थिर कॅमेरा’ हे शब्द जास्त उपयोगी पडतात. शैलीचा उल्लेख वगळला, तर सपाट रंगांचे चित्र हळूहळू फोटोसारखे दिसू लागण्याचा धोका असतो.

साधनात `seed` नावाचा आकडा दिसत असेल, तर तो कायम ठेवून एका वेळी एकच शब्द बदला. दर वेळी आकडाही बदलला, तर सुधारणा शब्दामुळे झाली की योगायोगाने, हे कळणार नाही.

चाक खरे फिरते का, हे कसे ओळखावे?

व्हिडिओ थांबवून चाकाचा एक आरा निवडा आणि फ्रेमगणिक त्याचा माग काढा. समजा, पडद्यावर चाकाचा व्यास २०० पिक्सेल आहे. त्याचा परीघ सुमारे ६२८ पिक्सेल झाला. गाडी ३१४ पिक्सेल पुढे गेली, तर चाक बरोबर अर्धी फेरी फिरायला हवे. आरा तेवढा फिरला नाही, तर गाडी चालत नसून घसरते आहे. मधूनच आऱ्यांची संख्या बदलते, हाही नेहमीचा दोष आहे.

सिनेमात वेगाने फिरणारे चाक कधी कधी उलटे भासते, पण येथे ते कारण लागू होत नाही. ८१ फ्रेममध्ये अर्धी फेरी म्हणजे एका फ्रेमला जेमतेम सव्वादोन अंश. इतक्या संथ चाकाने उलटे दिसावे, तर चूक साधनाचीच.

ती सूचनेने क्वचितच सुटते. त्यापेक्षा मूळ चित्रातले चाक कापून पारदर्शक पार्श्वभूमीची वेगळी प्रतिमा करा. व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बिघडलेल्या चाकावर ठेवा. पहिल्या फ्रेमला फिरण्याचा कोन ०, शेवटच्या फ्रेमला १८० अंश द्या आणि तेवढ्याच वेळात प्रतिमा ३१४ पिक्सेल सरकवा. गाडी मध्येच मंदावत असेल, तर तिथे आणखी एक खूण टाकावी लागेल. हा उपाय बाजूने दिसणाऱ्या गोल चाकापुरताच आहे. तिरपे, लंबगोल चाक असे फिरवले तर ते डगमगताना दिसते.

कुठे थांबावे?

पहिली फ्रेम तुमच्या चित्राला बांधलेली असते. पुढे जावे तसे दृश्य चित्रापासून दूर जाते, म्हणून बिघाड बहुधा उत्तरार्धात दिसतो. पहिल्या ४० फ्रेम चांगल्या असतील, तर तेवढेच अडीच सेकंद ठेवा आणि बाकीचे कापून टाका. एका शॉटसाठी अडीच सेकंद पुष्कळ होतात. चांगल्या चित्रानंतरही पाय पुन्हा पुन्हा मिसळत असतील, तर बैलांच्या पायांसमोर गवताची एक पट्टी काढा. जे दिसतच नाही, ते चुकतही नाही.